होम कलेक्शनचं पॅम्प्लेट: कामाच्या नोंदी

१ डिसेंबर, सोमवार

नवीन काम आलं. नाशिकच्या इंदिरानगरातली पॅथॉलॉजी लॅब, मॅडम स्वतः पॅथॉलॉजिस्ट आहेत आणि मार्केटिंगचं त्यांचे दीर बघतात. घरी येऊन सॅम्पल घ्यायची सोय त्यांच्याकडे दोन वर्षांपासून आहे, पण बुकिंग वाढत नाहीये, म्हणून पेपरातून टाकायचं पॅम्प्लेट करायचंय. एकच पान, एका बाजूने छापलेलं. पहिल्यांदा गंगापूर रोड आणि कॉलेज रोडचा भाग, मग इंदिरानगर-पाथर्डी फाटा.

जुनं पॅम्प्लेट दाखवलं. काळ्या बॅकग्राउंडवर छाती धरून वाकलेला माणूस, वर लाल अक्षरात "तुम्हाला वाटतंय तुम्ही ठणठणीत आहात?" आणि खाली बहात्तर टेस्टचं पॅकेज. एका कोपऱ्यात "१००% अचूक रिपोर्ट, संपूर्ण गोपनीयता". दीर म्हणाले यातली हवा ठेवा, फक्त होम कलेक्शन मोठं करा. मॅडम म्हणाल्या हा माणूस आधी काढा.

मला वाटलं मॅडमना चित्र आवडलं नसेल, पण त्यांचं कारण वेगळंच निघालं. त्यांनी माझ्या वहीवर लिहून दाखवलं. बऱ्याच टेस्टची नॉर्मल रेंज ठरवताना धडधाकट लोकांचे आकडे घेतात आणि मधला ९५ टक्क्यांचा पट्टा ठेवतात, म्हणजे काहीही झालेलं नसताना शंभरातल्या पाच जणांचा आकडा रेंजच्या बाहेर जाणारच. हे एका टेस्टचं. अशा वीस टेस्ट एकदम केल्या आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही असं धरलं, तर निरोगी माणसाची निदान एक तरी टेस्ट बाहेर दिसायची शक्यता ६४ टक्के होते. खऱ्यात टेस्ट एकमेकींशी जोडलेल्या असतात म्हणून थोडी कमी, पण मुद्दा तोच. घाबरवून आणलेला माणूस बहुतेक निरोगीच असतो, त्याच्या रिपोर्टवर कुठेतरी ठळक आकडा येतो, तो घाबरून पुन्हा टेस्ट करतो, मग डॉक्टर बदलतो आणि शेवटी लॅबलाच शिव्या घालतो. "आणि ज्या आजींना दर महिन्याला शुगर बघायचीये त्यांना या जाहिरातीत काहीच नाही," हे मॅडमचं वाक्य मी अधोरेखित केलं.

मग ठरलं की पॅम्प्लेट पॅकेजचं नाही. डॉक्टरांनी टेस्ट लिहून दिलीये आणि लॅबपर्यंत जाणं जड जातंय, अशा घरासाठी आहे.

३ डिसेंबर, बुधवार

आज दोन तास लॅबच्या रिसेप्शनवर बसून होते. फोन घेणारी मुलगी हुशार आहे, तिला विचारलं की घरी सॅम्पल द्यायला लोक का कचरतात, तर तिने न थांबता सांगितलं. एक, येणार कोण, घरात मी एकटी असते. दोन, रक्त गाडीवरून उन्हातान्हात फिरवत नेणार, मग रिपोर्ट बरोबर कसा येणार. तीन, आणि हे लोक हळू आवाजात विचारतात म्हणे, रिपोर्ट कुणाच्या नंबरवर जाणार.

माझ्यासमोरच एक फोन आला. मुलीने विचारलं, "मागच्या वेळी बुकिंग सासूबाईंच्या मोबाइलवरून केलं होतं, आता माझी टेस्ट आहे, रिपोर्ट तिकडे नाही ना जाणार?" रिसेप्शनची मुलगी नाही म्हणाली, फोन ठेवला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सिस्टीममध्ये जो नंबर आहे तिथेच जातो खरं तर. आता हाताने बदलते." बदललाही लगेच. पण दर वेळी कुणी असा फोन करेलच असं नाही.

म्हणजे लोकांच्या मनात भीती आधीच आहे आणि ती आजाराची नाही, आपल्याबद्दलची आहे. आपण वर आणखी आजाराची घालत होतो.

"संपूर्ण गोपनीयता" हे दोन शब्द मी आजच खोडून टाकले. त्या मुलीला या दोन शब्दांनी काय कळलं असतं? काहीच नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

कलेक्शनवाल्या मुलासोबत सकाळची फेरी केली. मॅडमनी आदल्या दिवशी सहाही घरी फोन करून परवानगी घ्यायला लावली होती, त्यातली दोन घरं नाही म्हणाली, तिथे मी खाली पार्किंगमध्ये थांबले. बरोबरच आहे, प्रायव्हसीची जाहिरात लिहायला लोकांच्या घरात घुसायचं म्हणजे कमालच.

सव्वासहाला गंगापूर रोडला भेटलो. थंडी एवढी की माझी गाडी तिसऱ्या किकला चालू झाली. मुलगा वेळेच्या आधी हजर, जॅकेटच्या पाठीवर लॅबचं नाव हातभर मोठं, गाडीला निळी बॉक्स. पहिल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याने बॉक्स उघडली, आजच्या सगळ्या पेशंटचे बारकोड स्टिकर काढले आणि तिथेच ट्यूबना लावून टाकले. मी विचारलं तर म्हणे, "ताई, वरती पेशंटसमोर वेळ जातो, आणि थंडीत ग्लोव्हज घालून स्टिकर निघत नाही."

गेटवर वॉचमनच्या रजिस्टरमध्ये "कामाचे कारण" असा रकाना. त्याने लिहिलं, ब्लड टेस्ट, चारशे दोन. लिफ्टमध्ये एक काका जॅकेटवरचं नाव वाचून म्हणाले, "चौथ्या मजल्यावर का? कोणाला बरं नाहीये?" तो नुसता हसला. त्याची चूक काही नाही. पण आपण पान भरून गोपनीयता छापणार आणि ती लिफ्टमध्येच संपणार.

चारशे दोनमध्ये आजोबा. स्वेटर, मफलर, पायात मोजे, हात बर्फासारखा, शीर काही सापडेना. मुलाने घाई केली नाही, आजींना गरम पाण्यात टॉवेल पिळून आणायला सांगितला, तो दोन मिनिटं हातावर ठेवला आणि मग एका टोचणीत काम. पिवळ्या झाकणाची ट्यूब, मग जांभळी, मग शुगरची राखाडी, प्रत्येक हळू उलटीपालटी केली, झटकली नाही. हात चांगला आहे त्याचा. आजी म्हणाल्या, "मागच्या वेळचा काळानिळा झाला होता हो." पॅम्प्लेटमध्ये हे कसं आणता येईल याचा विचार करत होते, पण शीर एका टोचणीत सापडेलच असं कुणी लिहून देऊ शकत नाही. सोडलं.

तिसरं घर नवरा-बायकोचं, दोघांची सारखीच टेस्ट. म्हणजे आधीच नाव चिकटवलेल्या ट्यूबचे दोन सेट टीपॉयवर शेजारी शेजारी. काकांचं रक्त घेताना त्याने जी जांभळी ट्यूब उचलली ती काकूंची होती. टोचायच्या आधी त्याचं लक्ष गेलं, त्याने बदलली, कुणाला कळलंही नाही. मला कळलं. मशीन कितीही भारी असू दे, इथे चूक झाली असती तर रिपोर्ट अगदी अचूक आला असता, फक्त दुसऱ्या माणसाचा.

पहिलं सॅम्पल सहा चाळीसला घेतलं. शेवटचं घर द्वारकेच्या पलीकडे, तिथे ट्रॅफिक, आणि लॅबला पोचलो तेव्हा नऊ पन्नास. तीन तास दहा मिनिटं. लिहून ठेवलं.

६ डिसेंबर, शनिवार

कालचं सगळं मॅडमना सांगितलं. मुलाचं नाव घ्यायचं टाळलं पण ते कोण ते उघडच आहे, म्हणून आधीच म्हटलं की त्याला ओरडू नका, त्याला पार्किंगची पद्धत कुणीतरी शिकवलीच असणार. मॅडम गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मीच म्हटलं होतं वर वेळ घालवू नका म्हणून."

तीन तासांचं त्यांनी नीट समजावलं. रक्त ट्यूबमध्ये गेलं तरी त्यातल्या पेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये, रूम टेंपरेचरला, तासाला साधारण ५ ते ७ टक्के शुगर कमी होते. राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं ते हे थांबवतं, पण लगेच नाही, पूर्ण थांबायला तास-दोन तास जातात. उदाहरण त्यांनीच दिलं. एखाद्याची उपाशीपोटी शुगर खरी १२८ आहे. डायबेटिसची रेषा १२६ वर. पहिल्या तासातच पाच टक्के गेले तर १२१-१२२ होते, म्हणजे माणूस रेषेच्या अलीकडे आला आणि रिपोर्ट म्हणतो काठावर आहात, अजून डायबेटिस नाही. अर्थात एका रिपोर्टवर डॉक्टर ठरवत नाहीत, पुन्हा करायला लावतात, पण दोन्ही वेळा सॅम्पल असंच फिरून आलं तर?

मी म्हटलं मग बर्फ टाका ना भरपूर, आणि जाहिरातीत लिहू बर्फाच्या पेटीतून. मॅडम हसल्या. थंडीत शुगर टिकते हे खरं, पण पेशी वेगळ्या न केलेलं रक्त गार केलं की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं, आणि मग पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं, ज्याने एखादा किडनीचा पेशंट उगाच हॉस्पिटलला पळेल. म्हणजे "बर्फाच्या पेटीतून" हे वाचायला एकदम भरवशाचं वाटतं, आणि एका टेस्टसाठी ते घातक आहे. असं मी नक्की छापलं असतं, आयडिया म्हणून.

खरा उपाय वेळच. पिवळ्या ट्यूबमधलं रक्त अर्ध्या तासात गोठतं, मग सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळं केलं की मधला जेलचा थर पेशींना अडवतो, मग काळजी कमी. हे दोन तासांच्या आत व्हायला हवं. लॅबचं गंगापूर रोडला छोटं कलेक्शन सेंटर आहेच. ठरलं की एक जुना सेंट्रीफ्यूज तिथे हलवायचा, फेरीचे दोन तुकडे करायचे, पश्चिमेकडचे सगळे सॅम्पल आधी सेंटरला, द्वारकेपलीकडची घरं दुसऱ्या मुलाकडे. स्टिकर रक्त घेतल्यावर, पेशंटसमोर लावायचे, आधी नाही. ग्लोव्हजमध्ये स्टिकर निघत नाही हा त्याचा मुद्दा खरा होता, म्हणून कोपरा दुमडलेले रोल मागवले.

दीर म्हणाले, "आपण पॅम्प्लेट करतोय का लॅब बदलतोय?"

८ डिसेंबर, सोमवार

अचूकतेचा भाग लिहायला घेतला. "१००% अचूक" जाणार हे ठरलेलंच होतं पण दीरांना कारण हवं होतं, म्हणून दोन कारणं दिली.

एक म्हणजे ते खरं नाही. एकच सॅम्पल त्याच मशीनवर दोनदा लावलं तरी आकड्यात थोडा फरक येतो, आणि माणसाची शुगर काल आणि आज सारखी नसते. लॅब चांगली म्हणजे हा फरक मोजते, रोज सकाळी माहीत असलेल्या आकड्याचं कंट्रोल सॅम्पल लावून बघते, बाहेरून येणारी सॅम्पलं तपासून आपला आकडा इतर लॅबशी ताडून पाहते. मॅडमची लॅब वेल्लोरच्या सीएमसीच्या अशा कार्यक्रमात आहे. फरक शून्य आहे असं म्हणणारी लॅब तो मोजतच नसेल.

दुसरं कायद्याचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात अचूकता फुगवून सांगू नये हे आहेच. आणि वर मोठा दावा, खाली मुंगीएवढ्या अक्षरात इंग्रजी खुलासा, हेही चालत नाही. खुलासा दाव्याच्याच भाषेत, त्याच फॉण्टमध्ये हवा आणि चुकीचा दावा दुरुस्त करायला खुलासा वापरायचा नाही. दीरांनी जुनं पॅम्प्लेट उलटं करून तळाची ओळ वाचली आणि गप्प खिशात घातलं.

मग एनएबीएल, म्हणजे लॅबना मान्यता देणारी संस्था. लॅबला मान्यता आहे, मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं "सर्व टेस्ट एनएबीएल मान्यताप्राप्त". मॅडमनी खोडलं. मान्यता लॅबला सरसकट मिळत नाही, टेस्टवार यादी असते, आणि त्यांच्या काही टेस्ट यादीत नाहीत, काही तर दुसऱ्या लॅबला पाठवतात. नवी ओळ, "आमच्या कोणत्या टेस्टना एनएबीएल मान्यता आहे ती यादी काउंटरवर आणि व्हॉट्सॲपवर मिळेल, मागून घ्या." चमक गेली खरी, पण यादी मागा म्हणणारी लॅब मी तरी पाहिली नाही.

१० डिसेंबर, बुधवार

प्रायव्हसीचा दिवस, आणि हा भाग सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेला.

पहिला निर्णय सोपा. फॉर्मवर एक रकाना वाढवला, "रिपोर्ट या नंबरवर पाठवा", आणि तो पेशंटने स्वतःच्या हाताने भरायचा. मुलाने तोंडी विचारायचं नाही, कारण हॉलमध्ये सगळं घर बसलेलं असतं आणि सुनेला सासूसमोर वेगळा नंबर सांगणं जमणार नाही, लिहिणं जमेल. डॉक्टरांना परस्पर पाठवायचा असेल तर त्यासाठी वेगळी टिक.

दुसरा पासवर्डचा. दीरांनी सुचवलं, पीडीएफला पासवर्ड टाकू, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल, आणि लिहू "फक्त तुम्हीच उघडू शकता". पण घरच्यांना तुमचं नाव आणि साल दोन्ही पाठ असतं. या पासवर्डने चुकून भलत्या नंबरवर गेलेला रिपोर्ट सुरक्षित राहतो, घरातल्या माणसापासून नाही. मग फॉर्मवर पेशंटने स्वतः चार आकडी पासवर्ड लिहायचा असं केलं. तरी फॉर्म लॅबमधली माणसं बघतातच, म्हणून "फक्त तुम्हीच" हे शब्द नाहीत ते नाहीतच.

तिसरा अवघड. जॅकेट. लिफ्टमधल्या काकांसाठी साधं जॅकेट बरं, पण दार उघडणाऱ्या एकट्या बाईला साध्या जॅकेटातला अनोळखी मुलगा कसा चालेल? एकाची प्रायव्हसी म्हणजे दुसऱ्याची असुरक्षितता. शेवटी साधं जॅकेट, साधी बॉक्स, ओळखपत्र आत गळ्यात, दारात बाहेर काढून दाखवायचं, आणि आदल्या रात्री येणाऱ्याचं नाव आणि फोटो पेशंटच्या मोबाइलवर. बायकांसाठी लेडी टेक्निशियन आहे, पण एकच आहे, रविवारी नसते, त्यामुळे "लेडी टेक्निशियन उपलब्ध" असं मोकळं लिहायचं नाही, वार आणि "एक दिवस आधी सांगा" हे लिहायचंच.

गेटवर मुलं आता टेस्टचं नाव किंवा कारण लिहीत नाहीत, "भेट" आणि फ्लॅट नंबर एवढंच. दोन वॉचमननी हुज्जत घातली, पेशंटला इंटरकॉम केल्यावर सोडलं.

एचआयव्हीबद्दल मॅडमनी आधीच सांगितलं की पॅम्प्लेटमध्ये नाव नको, २०१७ च्या कायद्याप्रमाणे संमती आणि आधी समुपदेशन लागतं, ते दारात उभ्या उभ्या होत नाही. फोन आला तर त्या स्वतः बोलतील.

१३ डिसेंबर, शनिवार

पहिला पूर्ण ड्राफ्ट शेजारच्या काकूंना वाचायला दिला. मला वाटलं होतं शाबासकी मिळेल.

ड्राफ्टमध्ये ओळ होती, "तुमच्या ट्यूबची अदलाबदल होऊ नये म्हणून लेबल तुमच्यासमोरच लावतो." काकूंनी चष्मा वर केला. "अदलाबदल होते का यांच्याकडे?" पुढची ओळ, "तुमचा रिपोर्ट शेजाऱ्यांपर्यंत पोचणार नाही." काकू म्हणे, "म्हणजे एरवी पोचतो की काय?"

दोनच प्रश्नांत बाईंनी माझा आठवडा झोपवला. भीती नको म्हणून एवढं केलं आणि धीर देता देता नवीन भीती मीच लावली, आणि तीही जी काकूंच्या डोक्यात आली नव्हती. "चोरी होत नाही" अशी पाटी लावलेल्या लॉजमध्ये आपण बॅग उशाशी घेऊन झोपतो तसंच झालं हे. "नाही", "होऊ नये", "घाबरू नका" असलेलं प्रत्येक वाक्य मी पेनने गोल केलं, अकरा निघाली.

ती सगळी दोन पद्धतींनी सोडवली. जिथे माणसाला स्वतः काही करता येतं तिथे त्याच्या हातात काम दिलं. "अदलाबदल होऊ नये" ऐवजी "ट्यूबवरचं नाव वाचून बघा". वाचणारा स्वतः तपासतो, त्याला कारण सांगावं लागत नाही. आणि जिथे त्याला काही करता येत नाही, जसं की गेटचं रजिस्टर किंवा जॅकेट, ते पॅम्प्लेटमधून काढूनच टाकलं. करायचं, छापायचं नाही. दीर हळहळले, "एवढं केलं आणि सांगायचं नाही?" खरंय, मलाही वाईट वाटलं.

त्यांचा दुसरा मुद्दा, मथळ्यात धक्का नाही, पेपरातून पडलेलं पॅम्प्लेट लोक तीन सेकंद बघतात. हा मुद्दा मात्र बरोबर होता. रात्री अकरापर्यंत मथळे लिहिले. "घरबसल्या तपासणी" सगळ्यांचाच असतो. "विश्वास" हा शब्द असलेले सगळे बाद, नाशिकमध्ये सराफापासून बिल्डरपर्यंत सगळे तोच विकतात. शेवटी जी ओळ मथळा झाली ती काकूंसाठी बदललेल्या वाक्यातूनच आली.

१६ डिसेंबर, मंगळवार

छापायच्या आधी वेळ तपासायची असं ठरलं होतं. तीन सकाळचे आकडे आले. प्रत्येक ट्यूबवर घेतल्याची वेळ आणि सेंटरला पोचल्याची वेळ. दोन दिवस सगळी सॅम्पल पावणेदोन तासांत. तिसऱ्या दिवशी मखमलाबादकडच्या एका घराने दार उघडायला वेळ लावला, पुढे गाडी पंक्चर, आणि एक सॅम्पल दोन तास वीस मिनिटं.

"दोन तासांत सॅम्पल सेंटरला" ही ओळ मला फार आवडली होती. दीर म्हणाले एकदाच झालंय, चालतंय. मॅडम म्हणाल्या ओळ काढा. मी म्हटलं ठेवू, पण चुकलं तर काय करणार तेही त्याच फॉण्टमध्ये लिहू. वेळ उलटली तर लॅब फोन करणार आणि जी टेस्ट बिघडू शकते तिचं सॅम्पल पुन्हा, पैसे न घेता. मॅडमनी रिसेप्शनला विचारून महिन्याला अशी किती येतील याचा अंदाज घेतला आणि हो म्हणाल्या. मखमलाबादच्या त्या बाईंना दुपारी फोन गेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा शुगर घेतली. त्या वैतागल्या, पुन्हा उपाशी राहावं लागलं म्हणून. वैतागणारच.

फायनल मजकूर, मॅडमच्या सहीने:

*ट्यूबवरचं नाव तुम्ही वाचा, मग आम्ही निघू.*

*डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलंय? सकाळी साडेसहापासून आमचा टेक्निशियन घरी येईल. त्याचं नाव आणि फोटो आदल्या रात्री तुमच्या मोबाइलवर येतो. लेडी टेक्निशियन हवी असेल तर एक दिवस आधी सांगा, सोमवार ते शनिवार.*

*रक्त घेतल्यावर तुमचं नाव, वय आणि वेळ तिथेच ट्यूबवर लागते. वाचून बघा. त्या वेळेपासून दोन तासांत सॅम्पल आमच्या सेंटरला पोचतं. उशीर झाला तर आम्ही स्वतः फोन करतो आणि गरज असेल ते सॅम्पल पुन्हा घेतो, पैसे न घेता.*

*रिपोर्ट कोणत्या नंबरवर हवा आणि त्याचा पासवर्ड काय, ते फॉर्मवर तुमच्या हाताने लिहा.*

*उपाशीपोटी यायचं का, किती तास, हे बुकिंग करताना विचारा. काही टेस्टना लॅबमध्येच यावं लागतं, तेही तेव्हाच सांगू. आमच्या कोणत्या टेस्टना एनएबीएल मान्यता आहे ती यादी मागून घ्या. रिपोर्टमधला आकडा कळला नाही तर दुपारी ३ ते ५ पॅथॉलॉजिस्टशी बोला.*

चित्र म्हणून फक्त एक ट्यूब, जांभळं झाकण, लेबलवर "तुमचं नाव". पांढरा कागद. माणूस गेला.

१८ डिसेंबर, गुरुवार

"उपाशीपोटी यायचं का" हे वाक्य चुकलं. यायचं कुठे, आपण घरी जाणार ना. प्रेसला फोन केला, प्लेट बनली नव्हती, वाचलो. "उपाशीपोटी राहायचं का" केलं. पाच जणांनी वाचलं होतं, कुणाला दिसलं नाही, छापखान्यातल्या डीटीपीवाल्याने विचारलं, "मॅडम, हे लॅबला जायचंय का घरी यायचंय?"

२३ डिसेंबर, मंगळवार

रविवारच्या पेपरातून गंगापूर रोडला वाटलं. दोन दिवसांत फोन जुन्या पॅम्प्लेटपेक्षा कमीच आले, दीर खूश नाहीत. पण रिसेप्शनची मुलगी म्हणते फोन करणारे वेगळे आहेत, पॅकेज कितीला हे कुणी विचारत नाही, डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेऊन टेस्टचं नाव वाचतात आणि वार ठरवतात. एकीने पहिलाच प्रश्न विचारला, "ते नंबरचं मी लिहायचं ना?"

कलेक्शनवाल्या मुलाचा दुपारी मेसेज आला. सावरकरनगरला एक आजी, रक्त दिल्यावर त्याला उठूच देईनात. पॅम्प्लेट पुढ्यात, चष्मा शोधायला नातवाला पाठवलं, ट्यूब खिडकीच्या उजेडात धरली आणि मग म्हणाल्या, "अरे, हे वाचता येत नाहीये, मुंगी आहे का अक्षर!" त्याने मोबाइलने झूम करून दाखवलं तेव्हा सुटका झाली.

लेबलचा फॉण्ट बघितला. सात पॉइंट. मॅडमशी बोलले, बारकोड थोडा लहान करून नाव अकरा पॉइंटला बसतंय, फक्त स्कॅनर तो लहान बारकोड वाचतो का ते उद्या सकाळी बघणार. इंदिरानगरची छपाई तोपर्यंत थांबवलीये.